लपवलेल्या ईमेलवर उघडलेलं खातं परत कसं मिळवायचं

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या मावशीचा आयफोन भिजला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. मावशी गाण्याच्या शिकवण्या घेते. रियाजासाठी तिच्याकडे एक अ‍ॅप होतं. त्यात तानपुरा लावायचा, समोर बसून गायचं आणि ते तिथेच रेकॉर्ड होऊन कंपनीच्या सर्व्हरवर साठायचं. अशी तीन वर्षांची रेकॉर्डिंग त्यात होती, आणि तिच्या बाईंनी समोर बसून शिकवलेल्या दोन बंदिशीही. फोन गेला तरी रेकॉर्डिंग शाबूत असणार, एवढं तिला माहीत होतं. मुलीने तिला एक अँड्रॉइड फोन आणून दिला, त्यावर तेच अ‍ॅप उतरवलं, मावशीने आपला जीमेल टाकला आणि उत्तर आलं की या पत्त्यावर कोणतंही खातं नाही.

तिने दुसरा जीमेल टाकून पाहिला, मग काकांचा, मग मुलीचा. शेवटी कंटाळून नवीन खातं उघडलं. ते अर्थातच रिकामं होतं. मला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अरे, सगळं पुसलं गेलंय बघ."

काहीच पुसलं गेलं नव्हतं. ती चुकीच्या दारावर टकटक करत होती. हे दार मी नीट समजावून सांगणार आहे, कारण ही अडचण मी आता चौथ्या घरात पाहतोय. प्रत्येक ठिकाणी माणसं आधी ईमेलच्या मागे लागतात. या प्रकारात ईमेल शोधणं हे काम दुसऱ्या नंबरचं आहे.

आधी घडलेलं काय असतं ते पाहू. २०१९ साली आयओएस १३ सोबत अ‍ॅपलने `Sign in with Apple` हे बटण आणलं. एखाद्या अ‍ॅपमध्ये खातं उघडताना ते दाबलं की अ‍ॅपल दोन पर्याय देतं. एक म्हणजे आपला खरा ईमेल अ‍ॅपला द्यायचा, आणि दुसरा `Hide My Email`, म्हणजे तो लपवायचा. दुसरा निवडला की अ‍ॅपल तिथल्या तिथे एक नवा पत्ता तयार करतं. अक्षरं आणि आकडे कसेही जुळवलेले असतात, साधारण असे:

```
abcd1234xy@privaterelay.appleid.com
```

अ‍ॅपच्या कंपनीला एवढाच पत्ता कळतो. कंपनीने त्यावर काही पाठवलं की अ‍ॅपल ते तुमच्या खऱ्या ईमेलवर पुढे ढकलतं. दर कंपनीसाठी हा पत्ता वेगळा असतो. त्यामुळे उद्या एखाद्या कंपनीने तुमचा पत्ता कुणाला विकला, तर तेवढं एकच दार बंद करता येतं. सोय खरोखर चांगली आहे आणि मी स्वतः ती वापरतो.

पण यातून गैरसमजही होतो. हा पत्ता दिसतो ईमेलसारखा, तरी त्यामागे कुठलीही पेटी नाही. त्याला पासवर्ड नाही, तो उघडून आत डोकावता येत नाही. पोस्टात अर्ज देऊन ठेवला की आमच्या नावाचं पत्र आलं तर अमक्या घरी पाठवा, तसा हा नुसता एक आदेश आहे. अ‍ॅपलही ती पत्रं साठवून ठेवत नाही, पुढे पोचवली की काढून टाकतं. त्यामुळे ज्या दिवशी आदेशातलं घर चुकीचं असेल, त्या दिवशीचं पत्र गेलंच.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अ‍ॅप तुम्हाला ओळखतं ते मुळात ईमेलवरून नाहीच. तुम्ही अ‍ॅपलचं बटण दाबता तेव्हा अ‍ॅपल त्या कंपनीला एक ओळख क्रमांक देतं. तो तुमच्या अ‍ॅपल खात्याला आणि त्या कंपनीला मिळून एकच असतो आणि बदलत नाही. ईमेल बदला, फोन बदला, नाव बदला, क्रमांक तोच राहतो. म्हणजे मावशीच्या रेकॉर्डिंगची किल्ली होती तिचं अ‍ॅपल खातं. ते हाती आलं की लपवलेला पत्ता दिसतो, तो कुठे जातो ते दिसतं, आणि ती दिशाही बदलता येते. उलट्या बाजूने गेलात, म्हणजे आधी पेटी शोधू आणि मग बघू असं केलंत, तर आठवडा जातो.

म्हणून मावशीला मी विचारलं, "फोन घेतला तेव्हा अ‍ॅपलचं खातं कुणी उघडून दिलं?"

"मला काय माहीत? सगळं अमेयने केलं. तो तेव्हा सुट्टीला आला होता."

आपल्याकडे हे फार चालतं. मुलगा पुण्याहून किंवा परदेशातून येतो, आईचा फोन अर्ध्या तासात लावून देतो आणि जातो. त्या अर्ध्या तासात कुठला ईमेल टाकला हे सहा महिन्यांनी त्यालाही आठवत नाही. अमेयला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर तो म्हणाला, "बहुतेक आईचा जीमेल. नाहीतर माझा जुना." हे "बहुतेक" फार महाग पडतं. कारण चुकीच्या अ‍ॅपल खात्याने बटण दाबलं तरी अ‍ॅप तक्रार करत नाही. ते तुम्हाला नवा माणूस समजतं आणि आणखी एक रिकामं खातं उघडून देतं.

हे चुकतंय की बरोबर आहे, ते ओळखण्याची खूण मात्र अगदी स्पष्ट आहे. बटण दाबल्यावर अ‍ॅपलची जी खिडकी येते, तिच्याकडे थांबून बघायचं. तिथे तुमचं नाव दिसत असेल आणि ईमेल दाखवायचा की लपवायचा असे दोन पर्याय पुन्हा विचारत असेल, तर या अ‍ॅपल खात्याने त्या अ‍ॅपमध्ये कधी पाऊल टाकलेलं नाही, किंवा जुना संबंध मध्येच कुणीतरी तोडलेला आहे. संबंध आपणच तोडला असल्याचं आठवत नसेल, तर तिथूनच मागे फिरा, पुढे दाबू नका. जुना संबंध शाबूत असेल तर ती खिडकी पर्याय विचारत नाही. अमुक अ‍ॅपल खात्याने आत जायचं का, एवढंच विचारते. मी तर लोकांना त्या खिडकीचा फोटो काढून पाठवायला सांगतो, कारण फोनवर "काहीतरी इंग्रजीत आलंय" यातून दोन्हींतला फरक कळत नाही.

मग खरं अ‍ॅपल खातं कोणतं, हे शोधायचं कसं? सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे घरातलं अ‍ॅपलचं दुसरं कुठलंही यंत्र, कपाटातलं जुनं सुद्धा. मावशीकडे एक आयपॅड निघाला, नातवाला कार्टून लावून द्यायला ठेवलेला. त्याच्या सेटिंगमध्ये वर नाव असतं, त्यावर दाबलं की अ‍ॅपल खात्याचा ईमेल दिसतो. मावशीने चष्मा लावून एकेक अक्षर वाचून दाखवलं. तो रेडिफमेलचा पत्ता होता, तिने शाळेत नोकरीला असताना काढलेला. शेवटचा कधी उघडला हे तिला सांगता येईना, पासवर्डचा तर प्रश्नच नाही. अमेयने तो टाकला होता, कारण तिच्या डायरीत पहिल्या पानावर तोच लिहिलेला होता.

असं यंत्र हाताशी नसेल तर मेलपेट्या चाळाव्या लागतात. घरातल्या सगळ्यांच्या, ज्या ज्या उघडता येतात त्या. शोधायचा शब्द एकच:

```
privaterelay.appleid.com
```

अ‍ॅपचं नाव शोधण्यापेक्षा हा शब्द जास्त कामाचा आहे. अ‍ॅपल मेल पुढे पाठवताना पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलून टाकतं, मूळ पत्ता `_at_` लावून आत गुंफलेला असतो आणि शेवटी हेच शेपूट येतं. म्हणून ज्या पेटीत हा शब्द सापडतो, तीच खरी पेटी, निदान त्या तारखेपर्यंत तरी. स्पॅमचा कप्पाही उघडून बघा, पुढे पाठवलेले मेल तिथे जाऊन पडतात. आणि `@icloud.com` ची पेटी विसरू नका. कित्येकांनी फोन घेताना ती नकळत उघडलेली असते आणि सगळं तिथे साठत गेलेलं असतं. अँड्रॉइडवरूनही ती ब्राउझरमध्ये `icloud.com` वर उघडते. काही सापडलं नाही तर अ‍ॅपलकडून आलेल्या पावत्या शोधा. अ‍ॅपचे किंवा साठवणुकीच्या जागेचे पैसे अ‍ॅपलमार्फत जात असतील, तर पावती खात्याच्या ईमेलवर येते.

इथे एक खाचखळगा आहे. काही घरांत आयफोनवर दोन अ‍ॅपल खाती असतात, एक फोनचं आणि दुसरं फक्त खरेदीचं. पावती खरेदीच्या खात्याकडे बोट दाखवते. बटण मात्र फोनच्या मुख्य खात्याने चालतं. दोन्ही एकच आहेत असं गृहीत धरू नका.

मावशीच्या बाबतीत खातं सापडलं, पण पेटी बंद होती. पुष्कळ जण इथे हात टेकतात, कारण त्यांना वाटतं की आता रेडिफमेल उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. तशी गरज नव्हती. अ‍ॅपल खात्यात शिरायला तो ईमेल नुसता नाव म्हणून लागतो. आत सोडतं ते पासवर्ड आणि फोनवर येणारा सहा आकडी कोड. पासवर्ड माहीत नसला तरी, आयपॅड त्या खात्यात आधीच शिरलेला असेल आणि आयपॅडचा स्वतःचा पासकोड ठाऊक असेल, तर तिथूनच नवा पासवर्ड ठरवता येतो. सेटिंगमध्ये नावाखाली `Sign-In & Security`, त्यात `Change Password`. आयपॅडचा पासकोड नातवाला पाठ होता.

कोड कुठल्या नंबरवर येणार, तेही आधी बघून घ्या. पडद्यावर नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसतात. मावशीने ते पाहिले आणि म्हणाली, "हा तर तुझ्या काकांचा." नंबर चालू होता, सुदैव. तो बंद पडलेला असता तर `iforgot.apple.com` वर जाऊन खातं परत मिळवण्याचा अर्ज करावा लागला असता. त्यात अ‍ॅपल मुद्दाम थांबवून ठेवतं, काही दिवस, कधी त्याहून जास्त. ही मुदत अ‍ॅपलच्या कुणाही माणसाला कमी करता येत नाही. तेव्हा "पैसे द्या, लगेच करून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर तो फसवणारा आहे, आणि फोनवर आलेला कोड कुणी मागितला तर तोही.

आत गेल्यावर यादी समोर येते. आयपॅडवर ती `Sign in with Apple` या नावाखाली आहे. आवृत्तीप्रमाणे जागा इकडेतिकडे सरकते, जुन्या यंत्रांवर `Apps Using Apple ID` असं लिहिलेलं असतं. यंत्र नसेल तर ब्राउझरमध्ये `account.apple.com` वरही तीच यादी मिळते. मावशीचं अ‍ॅप त्यात होतं. त्यावर दाबलं आणि तो लपवलेला पत्ता दिसला. मेल पुढे पाठवायची सोय त्या अ‍ॅपसाठी सुरू आहे की बंद, तेही तिथेच कळतं. कुणीतरी जाहिरातींना वैतागून ती बंद केलेली असेल तर मेल वाटेतच नाहीसे होतात आणि अ‍ॅपची कंपनी शपथेवर सांगते की आम्ही पाठवलाय. दोघांचंही खरं असतं.

त्याच पानावर एक बटण असतं, त्या अ‍ॅपसाठी अ‍ॅपलचं लॉगिन वापरणं थांबवण्याचं. त्याला हात लावू नका, हे मी मावशीला तीनदा सांगितलं. "पुन्हा पहिल्यापासून करू" म्हणून लोक ते दाबतात. त्याने अ‍ॅपमधलं खातं पुसलं जाईलच असं नाही, पण संबंध तुटतो, अ‍ॅपच्या कंपनीला तसं कळवलं जातं, आणि पुढे ती कंपनी काय करेल हे तिच्यावर राहतं. ओळख क्रमांक तोच असल्यामुळे पुन्हा जोडणं बऱ्याचदा जमतं. पण बाईंच्या बंदिशी पणाला लावून ते तपासून बघायचं कारण नाही.

आता दिशा बदलायची. लपवलेल्या पत्त्यांचं सगळं टपाल कुठे जावं, यासाठी `Forward To` अशी एकच जागा असते, खात्यातल्या सगळ्या लपवलेल्या पत्त्यांसाठी मिळून. तिथे रेडिफमेल निवडलेला होता. पण हवा तो ईमेल तिथे टाइप करता येत नाही. अ‍ॅपल खात्याला जोडलेले पत्तेच दिसतात. म्हणून आधी `Sign-In & Security` मध्ये मावशीचा रोजचा जीमेल जोडला, त्यावर आलेला पडताळणीचा कोड टाकला, मग `Forward To` मध्ये जाऊन तो निवडला. तुमचा जीमेल आधीच दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपल खात्याला जोडलेला असेल तर इथे नकार मिळतो. मग भांडत बसू नका, दुसरा चालू ईमेल द्या.

इथे मी स्वतः फसलो होतो, मागे एका मित्राच्या वेळी. दिशा बदलली आणि खात्री करायला माझ्या जीमेलवरून त्या लपवलेल्या पत्त्यावर "चाचणी" असा मेल टाकला. तो परत आला. मला वाटलं पत्ताच मेला. रात्रभर शोधाशोध केल्यावर उलगडा झाला की या पत्त्यांवर कुणालाही मेल पाठवता येत नाही. अ‍ॅपच्या कंपनीने आपली पाठवायची डोमेनं अ‍ॅपलकडे नोंदवलेली असतात, त्यांच्याकडून आलेलंच पुढे जातं. बाकी सगळं अडवलं जातं, आणि तसंच असायला हवं. त्यामुळे चाचणी करायची तर ती अ‍ॅपकडूनच काहीतरी मागवून. यातून आणखी एक गोष्ट कळते. अ‍ॅपची मदत करणारी माणसं वेगळ्या डोमेनवरून उत्तरं देत असतील आणि ते नोंदवलेलं नसेल, तर त्यांची उत्तरं तुम्हाला कधीच मिळणार नाहीत. तक्रार करताना म्हणूनच उत्तरासाठी दुसरा ईमेल लिहून द्या. जुना मेल पेटीत सापडला तर त्यालाच उत्तर देणं सगळ्यात चांगलं, कारण ते उत्तर लपवलेल्या पत्त्यावरून आल्यासारखंच कंपनीला दिसतं. हा तुमचाच पत्ता आहे याचा पुरावा त्यातच आला.

(पैसे भरून मिळणाऱ्या आयक्लाउड प्लसमध्येही याच नावाची सोय आहे, पण तिचे पत्ते `@icloud.com` ने संपतात आणि त्यांवर कुणीही मेल पाठवू शकतो. तुमच्या पत्त्याचं शेपूट तसं असेल तर ते खातं बहुधा साध्या ईमेल-पासवर्डने उघडलेलं असणार.)

मावशीच्या नव्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅपलचं बटणच नव्हतं. अँड्रॉइडवर बरेचदा नसतं, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पण त्याच कंपनीच्या वेबसाइटवर ते होतं. फोनच्या ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडली, अ‍ॅपलचं बटण दाबलं, रेडिफमेलचा पत्ता आणि नवा पासवर्ड टाकला, काकांच्या फोनवर कोड आला. खिडकीने पर्याय विचारले नाहीत, नुसतं "पुढे जायचं का" विचारलं. तेव्हाच मला कळलं की आपण योग्य दारात आहोत.

वेबसाइटवरही बटण नसतं तर दुसरा रस्ता होता. पासवर्ड विसरलात का, तिथे जीमेल न टाकता तो लपवलेला पत्ता जसाच्या तसा टाकायचा. कंपनीच्या वहीत तोच आहे. दुरुस्तीचा दुवा अ‍ॅपलमार्फत आता जीमेलवर येतो. काही कंपन्या अशा खात्याला पासवर्ड ठेवूच देत नाहीत, मग मेल येतो तो "अ‍ॅपलने लॉगिन करा" एवढंच सांगणारा. आणि पत्ताच चुकीचा असला तरी पुष्कळ साइट "खातं असल्यास मेल पाठवला आहे" असं म्हणतात. ते सगळ्यांनाच सांगायचं वाक्य आहे, त्यावरून खातं आहे असा अर्थ काढून तासन्‌तास वाट बघू नका. पंधरा-वीस मिनिटांत, स्पॅम बघूनही काही आलं नाही, तर पत्त्याचं एकेक अक्षर पुन्हा जुळवा.

अ‍ॅपल खातं काही केल्या मिळतच नसेल, तर उरते ती अ‍ॅपची कंपनी. तिला "माझं खातं परत द्या" एवढं लिहून भागत नाही, कारण समोरचा माणूस तुम्हीच आहात हे तिला कसं कळावं? खातं साधारण कोणत्या महिन्यात उघडलं, पैसे भरल्याच्या पावतीवरचा क्रमांक, आतल्या दोन-तीन फायलींची नावं, शेवटचं वापरलेलं यंत्र, असं मालकालाच ठाऊक असेल ते लिहा. तरी नकार मिळू शकतो. नुसत्या बोलण्यावर खातं उघडून देणारी कंपनी उद्या तुमचंही खातं दुसऱ्याला उघडून देईल, म्हणून त्या नकाराचा मला राग येत नाही. पण दुःख होतं, आणि एका घरात तसं झालेलं मी पाहिलंय.

मावशीचं अ‍ॅप उघडलं तेव्हा रेकॉर्डिंगची यादी तारखांसकट जशीच्या तशी होती. तिने लगेच ऐकायला सुरुवात केली, तिला थांबवून आधी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ईमेल बदलून जीमेल घातला, पासवर्ड ठरवला, बाहेर पडून जीमेलनेच पुन्हा आत गेलो. तिने चुकून उघडलेलं रिकामं खातं आधीच काढून टाकावं लागलं, कारण जीमेल त्याने अडवून ठेवला होता आणि अ‍ॅप "हा पत्ता आधीच वापरात आहे" म्हणत होतं. काढताना आपण कुठल्या खात्यात आहोत हे दोनदा पाहून घ्या. आत एकही रेकॉर्डिंग दिसत नाही, म्हणजे हेच ते रिकामं, असं आम्ही मोठ्याने म्हणून मगच बटण दाबलं.

बंदिशी तिने त्याच संध्याकाळी उतरवून अमेयला पाठवल्या. डायरीच्या पहिल्या पानावर आता रेडिफमेलच्या खाली दोन ओळी वाढल्या आहेत, अ‍ॅपल खातं कुठलं आणि कोड कुणाच्या नंबरवर येतो.